विधान-कारण प्रश्न: माठाच्या एका प्रश्नाने मला काय शिकवले



मागच्या मार्चमध्ये सातवीच्या घटक चाचणीचे पेपर वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी एका मुलीचे वडील शाळेत आले. तक्रार करायला नाही, विचारायलाच आले होते. हातात मुलीचा पेपर. म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न मला समजावून सांगा. माझ्या मते पोरीचं उत्तर बरोबर आहे."

प्रश्न मीच तयार केला होता. घटक होता बाष्पीभवन आणि सांद्रीभवन. प्रश्न असा:

विधान: मातीच्या माठात पाणी थंड राहते.
कारण: माती उष्णतेची दुर्वाहक आहे.

पर्याय नेहमीचेच. (अ) विधान व कारण दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे. (ब) दोन्ही बरोबर, पण कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण नाही. (क) विधान बरोबर, कारण चूक. (ड) विधान चूक, कारण बरोबर.

माझ्या उत्तरसूचीत 'ब' होते. माठातले पाणी थंड होते ते बाष्पीभवनामुळे, हे मी वर्गात दोन तास शिकवले होते. मुलीने 'अ' लिहिले होते, म्हणून शून्य.

वडील म्हणाले, "थर्मासमध्ये बर्फाचं पाणी ठेवलं तर ते थंड राहतं. का राहतं? बाहेरची उष्णता आत जात नाही म्हणून. मग माठाची माती पण उष्णता आत येऊ देत नाही, म्हणून पाणी थंड राहतं. यात चूक काय?"

मी बाष्पीभवनाचे सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. कारण मी लिहिलेला शब्द होता 'राहते'. थंड झालेले पाणी थंड 'राहण्यात' मातीच्या दुर्वाहकतेचा वाटा असतोच. मला विचारायचे होते पाणी थंड 'होते' कसे, आणि मी विचारले होते ते 'राहते' कसे. म्हणजे प्रश्न वाकडा होता, उत्तर नाही. एका क्रियापदाने त्या मुलीचा गुण खाल्ला होता.

त्या दिवसापासून विधान-कारण प्रश्नांकडे मी जरा संशयाने बघते. सीबीएसईच्या दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात हे प्रश्न असतात, बाजारातल्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतही असतात, त्यामुळे पाचवी-सहावीपासूनच्या चाचण्यांत आपण ते घालायला लागलो आहोत. मला ते आवडतात. पण आपण ते ज्या घाईने लिहितो आणि ज्या पद्धतीने तपासतो त्यावर माझा आक्षेप आहे. या प्रश्नाच्या पोटात तीन निर्णय असतात: विधान खरे का, कारण खरे का, आणि त्या कारणामुळेच ते विधान घडते का. यातला तिसरा निर्णय हाच या प्रश्नाचा जीव आहे. तो नसेल तर हा प्रश्न म्हणजे दोन 'चूक की बरोबर' एकाला एक बांधलेले. आणि आपण गुण देतो एका अक्षराला.

आधी माठाचेच पूर्ण सांगते, मग बाकीच्या चुकांकडे येते.

प्रश्न दुरुस्त करायचा म्हणजे विधान असे लिहायचे: 'नव्या माठात भरलेले पाणी काही तासांनी भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते.' कारण तेच ठेवायचे: 'माती उष्णतेची दुर्वाहक आहे.' आता उत्तर निःसंशय 'ब'. कारण दुर्वाहक वस्तू उष्णतेचे येणे-जाणे फक्त मंद करते. ती पाण्याला भोवतालच्या हवेपेक्षा खाली नेऊ शकत नाही. हवेइतकेच तापमान असलेले साधे पाणी थर्मासमध्ये भरून ठेवा, चार तासांनी ते तसेच्या तसे मिळेल, गार होणार नाही. 'भोवतालच्या हवेपेक्षा' हे दोन शब्द नसतील तर हा प्रश्न पुन्हा वाकडा होतो. 'नव्या' हा शब्दही उगाच घातलेला नाही. जुन्या माठाची छिद्रे पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, तो पाझरत नाही आणि पाणीही गार करत नाही. आमच्याकडे बोअरचे जड पाणी, त्यामुळे दर उन्हाळ्यात नवा माठ घेणे घरोघरी ठरलेले. 'आमच्या घरचा माठ तर गारच करत नाही' असे म्हणून एखाद्या मुलाने विधान चूक ठरवले तर त्याला चूक म्हणणार कसे?

वर्गात मी हे नुसते बोलून सोडले नाही. दोन सारखी नवी छोटी मडकी आणली. दोन्हींत एकाच बादलीतले पाणी सारखे भरले. एक तसेच उघड्यावर सावलीत ठेवले, दुसऱ्याला बाहेरून प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून तोंड बांधून टाकले. सकाळी आठला ठेवले आणि साडेबाराला शाळेच्या तापमापीने बघितले. व्हरांड्यात 35 अंश सेल्सिअस होते. उघड्या मडक्यातले पाणी 27, पिशवीतल्या मडक्यातले 33. पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते, ते मुलांनी बोट लावून बघितले. माती दोन्हीकडे तीच, तिची दुर्वाहकता तीच, तरी एकच गार झाले. कारण दुसऱ्याचे बाष्पीभवन आपण कोंडले होते. ज्या मुलीला मी शून्य दिले होते तीच म्हणाली, "म्हणजे माती एकटी काही करत नाही."

चार मुद्द्यांचे टिपण देऊन जे झाले नसते ते या दोन मडक्यांनी केले. पण मला इथे प्रश्न लिहिणाऱ्याच्या कामाची गोष्ट सांगायची आहे. 'ब' उत्तराचा प्रश्न लिहिला की मी आता स्वतःला विचारते: कारण तसेच्या तसे ठेवून विधान खोटे पडेल अशी एखादी वस्तू किंवा परिस्थिती मला दाखवता येते का? माठासाठी येते: पिशवीत बांधलेले मडके, थर्मास, थर्मोकोलचा डबा. सगळे दुर्वाहक, पण पाणी गार कोणीच करत नाही. असे उदाहरण देता आले तरच मी उत्तरसूचीत 'ब' लिहिते.

ही कसोटी आंधळेपणाने वापरू नका मात्र. खऱ्या कारणालाही कधी सोबतीची अट लागते. 'झिरपलेले पाणी बाष्पीभवन होताना माठातल्या पाण्याची उष्णता घेते' हे माठाचे खरे कारण, पण जुलैच्या संततधारेत, हवा बाष्पाने भरलेली असताना, माठ विशेष गार करत नाही. म्हणजे हे कारण खोटे ठरले का? नाही, बाष्पीभवनच मंदावले. कारण हजर असूनही परिणाम झाला नाही, की कारणच हजर नव्हते, एवढा फरक बघावा लागतो. मुलांना हा फरक कळतो, फक्त उदाहरण हातात द्यावे लागते.

आता दुसरी चूक. ही आपल्या भाषेतून येते आणि माझ्या मते सगळ्यांत फसवी आहे.

आपण मुलांना एक युक्ती शिकवतो. दोन वाक्यांच्या मध्ये 'कारण' शब्द घालून वाचा. जुळले तर 'अ', नाही जुळले तर 'ब'. मीही कित्येक वर्षे हेच सांगत होते. आता हा प्रश्न वाचा.

विधान: हवेत बाष्प असते.
कारण: थंड पाण्याच्या ग्लासाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात.

मध्ये 'कारण' घालून वाचा: 'हवेत बाष्प असते, कारण थंड ग्लासाच्या बाहेर थेंब जमतात.' कानाला अगदी बरोबर वाटते. मुले डोळे झाकून 'अ' लिहितात. पण थेंब जमतात म्हणून हवेत बाष्प येत नाही. हवेत बाष्प असते म्हणून थेंब जमतात. थेंब हा बाष्पाचा पुरावा आहे, कारण नाही.

मराठीत 'कारण' हा एकच शब्द आपण दोन्हीसाठी वापरतो. 'रात्री पाऊस पडला असणार, कारण अंगण ओलं आहे' हे वाक्य घरात कोणीही बोलेल आणि त्यात व्याकरणाची चूक नाही. पण अंगण ओले झाल्यामुळे पाऊस पडला असे कोणी म्हणणार नाही. बोलताना हे चालते. विधान-कारण प्रश्नात मात्र त्याने उत्तर फिरते. वरचा प्रश्न मी आमच्या केंद्रातल्या चार शिक्षकांना दाखवला. दोघांनी 'अ' सांगितले, दोघांनी 'ब', आणि चौघेही ठाम. जिथे शिक्षकच असे दोन-दोन वाटले जातात, तो प्रश्न मुलांना देऊ नये.

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. 'कारण' घालून वाचायचे सोडा. क्रम उलटा करा, आधी कारण वाचा, मग 'त्यामुळे' म्हणा आणि मग विधान वाचा. 'ग्लासाबाहेर थेंब जमतात, त्यामुळे हवेत बाष्प असते.' पाचवीतले पोरही हसते. आणि बरोबर जोडी अशी वाचून बघा: 'वारा कपड्यांजवळची दमट हवा दूर नेतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी कपडे लवकर वाळतात.' सरळ बसते. 'म्हणून' वापरू नका. 'अंगण ओलं आहे म्हणून वाटतं पाऊस पडला' असे आपण बोलतोच, म्हणजे तो शब्दही पुराव्याकडे घसरतो. 'त्यामुळे' मात्र सहसा घसरत नाही.

'त्यामुळे' लावूनही जे सुटत नाही ते पुनरुक्तीचे प्रश्न. एका तयार प्रश्नसंचात हा होता:

विधान: उघड्या ताटलीतले पाणी हळूहळू नाहीसे होते.
कारण: उघड्या ताटलीतल्या पाण्याची वाफ होऊन ते उडून जाते.

उत्तर दिले होते 'अ'. चूक नाही म्हणता येत, पण दुसरे वाक्य पहिल्याचेच नाव बदलून आलेले आहे. 'नाहीसे होते' म्हणजेच 'उडून जाते'. मुलाने समजून काय उत्तर दिले हे कळायला काही जागाच नाही. विधान जरा बदलले तर कारणाला काम मिळते: 'तेवढेच पाणी पेल्यापेक्षा ताटलीत लवकर आटते.' आणि कारण: 'ताटलीत पाण्याचा मोठा पृष्ठभाग हवेला लागतो.' आता दोन वाक्यांमध्ये खरेच एक पायरी आहे आणि ती मुलाला स्वतः चढावी लागते.

याच्या अगदी उलट टोकाला, 'ब' चा प्रश्न हवा म्हणून कुठलीही दोन खरी वाक्ये एकाखाली एक ठेवलेली असतात. विधान: पाण्याचे बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला होते. कारण: बर्फ पाण्यावर तरंगतो. यांचा संबंध नाही हे विज्ञान न शिकलेलाही सांगेल. 'ब' च्या प्रश्नातले कारण मुलाला खरे वाटावे असे असले पाहिजे, मुलांच्या मनात आधीच बसलेले. मी असे प्रश्न लिहिण्याआधी तोंडी विचारते, "कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठं जातं?" मिळालेली उत्तरे वहीत टिपून ठेवते: सूर्य पिऊन टाकतो, कापडात मुरतं, हवेत जातं, दोरीला लागतं. ग्लासाच्या थेंबांबद्दल विचारले तर हमखास एक जण म्हणतो की काचेतून पाणी झिरपतं. लगेच 'क' चा प्रश्न तयार:

विधान: थंड पाण्याच्या ग्लासाच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमतात.
कारण: काचेच्या बारीक छिद्रांतून ग्लासातले पाणी बाहेर झिरपते.

माठ झिरपतो हे नुकतेच शिकलेले असल्याने हा प्रश्न चांगला चावतो. ज्याला शंका येईल त्याने ग्लासात रंगीत सरबत घालून बघावे, बाहेरचे थेंब बिनरंगाचे दिसतात.

सरसकट विधानांबद्दल फार लिहीत नाही, पण एक उदाहरण देते. 'पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते' हे विधान आपण निर्धास्त लिहितो. समुद्रसपाटीला ते बरोबर. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी साधारण 95-96 अंशांनाच उकळते. सातवीच्या मुलाला हे माहीत नसेल असे गृहीत धरू नका. ज्याला माहीत असेल तो विधान चूक ठरवेल आणि आपण त्याला शून्य देऊ. म्हणजे जास्त कळणाऱ्याला कमी गुण. 'समुद्रसपाटीला' एवढा एक शब्द घातला की भांडण मिटते. आणि 'नेहमी', 'फक्त', 'कधीच नाही' हे शब्द खोट्या वाक्यांतच वापरायची आपल्याला सवय असते, ती पोरांना बरोबर कळते. माझ्या वर्गातल्या एकाने मला सरळ सांगितले, "मॅडम, 'फक्त' असलं की ते चूकच असतं." त्याचे ते उत्तर बरोबर आले होते, विज्ञानाशी काही संबंध न येता.

पर्यायांबद्दल एक तपासणी प्रत्येकाने करावी. वर दिलेल्या चार पर्यायांत 'दोन्ही चूक' हा पर्याय नाही. काही पुस्तकांत चौथा पर्याय तो असतो, काहींत 'विधान चूक, कारण बरोबर' असतो. एका पुस्तकातले पर्याय आणि दुसऱ्या पुस्तकातला प्रश्न असे जुळवले की कधीकधी उत्तरच नसलेला प्रश्न तयार होतो. मुलगा दोन्ही वाक्ये चूक आहेत हे ओळखतो, पर्याय शोधत बसतो आणि शेवटी घाबरून काहीतरी लिहितो.

शिवाय हेही लक्षात घ्या की 'क' आणि 'ड' च्या प्रश्नांत तिसरा निर्णय उरतच नाही. कारणच चूक असेल तर ते स्पष्टीकरण आहे का हा प्रश्न मिटला, आणि विधानच चूक असेल तर स्पष्टीकरण कशाचे करायचे? म्हणून पाच प्रश्नांपैकी तीन तरी 'अ' किंवा 'ब' चे हवेत, आणि त्यातही 'ब' कमी पडू देऊ नये. आपला कल 'अ' कडे असतो, कारण पुस्तकातले वाक्य घेऊन दोन तुकडे केले की 'अ' आयताच तयार होतो. मी माझे जुने दहा प्रश्न काढून मोजले तेव्हा सात 'अ' निघाले. सगळीकडे 'अ' लिहिणाऱ्याला माझ्या पेपरात दहापैकी सात.

आता तपासण्याचे.

माठाचा दुरुस्त प्रश्न मी पुन्हा घेतला, मडक्यांचा प्रयोग न बघितलेल्या शेजारच्या तुकडीत. 31 मुले होती. अक्षरासोबत एक ओळ लिहायला सांगितली: 'कसं ठरवलं?' 18 जणांनी 'अ' लिहिले, 6 जणांनी 'ब', 5 जणांनी 'क' आणि दोघांनी 'ड'. नुसते अक्षर तपासले असते तर 25 मुलांना शून्य आणि 6 जणांना पूर्ण गुण. पण ओळी वाचल्यावर चित्र वेगळेच दिसले.

'अ' लिहिणाऱ्या एकीने लिहिले होते, "माती गरमी आत येऊ देत नाही म्हणून पाणी गार होतं." तिला माती दुर्वाहक आहे हे माहीत आहे, पाणी गार होते हेही माहीत आहे. चुकली ती फक्त जोडणीत. 'क' लिहिणाऱ्या एका मुलाची ओळ होती, "माठाला हात लावला की गार लागतो म्हणजे माती गरमी लवकर नेते." लोखंडाला हात लावला की गार लागते आणि लोखंड सुवाहक आहे, हे आधीच्या धड्यातले त्याने इथे आणून लावले. विचार सरळ आहे, पण ओल्या माठाचा गारवा बाष्पीभवनाचा आहे हे त्याच्या लक्षात आले नाही. या दोघांनाही शून्य मिळाले असते, पण दोघांना शिकवायचे मात्र वेगळे आहे. मुलीला पिशवीतले मडके दाखवायचे, मुलाला कोरडे रिकामे मडके हातात द्यायचे.

आणि 'ब' वाले सहा? एकाने लिहिले होते, "थर्मासात साधं पाणी ठेवलं तर ते गार होत नाही, तसंच राहतं." याला पूर्ण गुण देताना मला फार बरे वाटले. दुसऱ्याची ओळ होती, "दोन्ही वाक्यं बरोबर आहेत पण मेळ बसत नाही." हे 'ब' पर्यायाचेच दुसऱ्या शब्दांत वाचन. मेळ का बसत नाही हे त्याला सांगता आले नाही. सहापैकी तिघे असे होते. अंदाजाने लिहिले तरी चारात एकदा बरोबर येतेच.

म्हणून मी घटक चाचणीत हा प्रश्न दोन गुणांचा केला आहे. विधान आणि कारण यांच्या खरे-खोटेपणाचा निर्णय बरोबर असेल तर एक गुण. संबंधाचा निर्णय बरोबर असेल आणि ओळीत त्याला आधार असेल तर दुसरा. वरच्या 'अ' वाल्या मुलीला यात एक गुण मिळतो. 'मेळ बसत नाही' लिहिणाऱ्यालाही एकच. 'क' लिहिणाऱ्या मुलाचा कारणाबद्दलचा निर्णय चुकल्यामुळे त्याला नियमाने शून्य, आणि इथे मी अजून अडते. त्याची ओळ त्या वर्गातल्या निम्म्या ओळींपेक्षा जास्त विचाराची आहे. सध्या मी गुण देत नाही, पण ओळीखाली खूण करून 'विचार चांगला, कोरडं मडकं हातात घेऊन बघ' असे लिहिते. ओळ तपासताना शुद्धलेखन बघत नाही आणि पुस्तकी शब्दही मागत नाही. 'गरमी', 'गार', 'झिरपतं' चालते.

यावर सहकाऱ्यांचे पहिले म्हणणे असते की एवढा वेळ कुठून आणायचा. खरे आहे. पाचही प्रश्नांना ओळ मागितली तर तपासणी पुरे होत नाही. मी पाचातल्या दोनच प्रश्नांना ओळ मागते, एक 'अ' चा आणि एक 'ब' चा. बाकी तीन नुसत्या अक्षराचे, एकेक गुणाचे. आणि ओळ कोणत्या दोन प्रश्नांना मागायची हे पेपरात छापते, मुलांना आधी सांगत नाही. दुसरे म्हणणे असते की पुढे मोठ्या परीक्षेत नुसते अक्षरच विचारणार, मग आतापासून ओळ कशाला? मोठ्या परीक्षेत लाखो पेपर तपासायचे असतात, तिथे दुसरा इलाजच नाही. माझ्याकडे 31 आहेत.

प्रश्नच चुकला असेल तर काय करायचे हेही आधी ठरवून ठेवावे. माझ्या मूळ प्रश्नाचे गुण मी 'अ' आणि 'ब' दोन्ही लिहिणाऱ्यांना दिले, 'क' आणि 'ड' ला नाही. काही जण म्हणाले, प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण द्या. मला ते पटले नाही. 'राहते' शब्दाने 'अ' आणि 'ब' यांच्यात गोंधळ केला होता. माती दुर्वाहक नाही असे म्हणणाऱ्याला त्या शब्दाने फसवले नव्हते. वर्गात उभे राहून सांगितले की चूक माझी होती आणि कोणत्या शब्दात होती. मुलांनी त्यानंतर आठवडाभर माझ्या प्रत्येक फलकलेखनातली क्रियापदे तपासली, तो त्रास वेगळा.

आता चाचणीच्या आधी मी मुलांकडूनच एकेक प्रश्न लिहून घेते. बहुतेक पुस्तकातलेच उतरवतात. पण मागच्या आठवड्यात एकाने हे आणले:

विधान: उन्हाळ्यात कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो.
कारण: त्याला तहान लागलेली असते.

उत्तर त्याने लिहिले होते 'क'. का, असे विचारले तर म्हणाला, "आमच्या कुत्र्यासमोर पाण्याची वाटी भरलेली असते तरी तो धापा टाकतोच." लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "मग तहान लागलीच नसेल कशावरून? दोन्ही खरं असू शकतं, 'ब' लिही." अर्धा तास गेला. शेवटी मुलांनी विधान तसेच ठेवले आणि कारण बदलून लिहिले: 'पाणी पिऊन झाल्यावरही कुत्र्याची जीभ ओलीच असते.' आता हे 'अ' की 'ब', यावर वर्ग पुन्हा दोन भागांत वाटला गेला आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली.